रविवारची चूक

सानगडीच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे मुख्यतः चुका काढल्या. पोरं 'मले' म्हणाली की त्यांना उभं करून 'मला' म्हणायला लावायचो. घरी मात्र बायको 'मले' आणि 'तुमाले' असंच बोलायची, आणि तिथे माझं व्याकरण उंबऱ्याबाहेर चपलांपाशी थांबायचं. तिचं माहेर नवेगावकडचं. जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा ते गोंदियात गेलं. "मायं माहेर जागचं हाललं नाही, तरी दुसऱ्या जिल्ह्यात गेलं," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. पुढे ती वारली. घरात मी आणि माझं शुद्ध मराठी, दोघेच उरलो.

मुलगी नर्स. ती जर्मनीला गेली, तिथेच आपल्या दवाखान्यातल्या एका मल्याळी मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा चांगला आहे, मला कधी तक्रारीला जागा दिली नाही. पण त्याला मराठी येत नाही, हिला मल्याळम येत नाही, म्हणून घरात जर्मन. नात त्यातच वाढली. दर रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल यायचा. नात समोरच्या खुर्चीत येऊन बसायची, 'हालो ओपा' म्हणायची. ओपा म्हणजे आजोबा. मी विचारायचो, जेवलीस का, शाळेत काय केलं. ती आईकडे बघायची, आई भाषांतर करायची, ती आईलाच उत्तर द्यायची आणि उतरून पळायची. मग कॅमेऱ्यात नुसती खुर्ची. मुलगी ओट्यापाशी काम करत माझ्याशी बोलत राहायची आणि मी त्या खुर्चीकडे बघत 'हो, हो' म्हणत असायचो. वाईट वाटायचं, अगदी लहान मुलासारखं वाईट वाटायचं. आणखी चारपाच वर्षं असंच गेलं तर ही पोर मला फोटोतला माणूस समजेल, ही भीती मनात बसली होती.

भंडाऱ्याला बसस्टँडजवळ एका कापड दुकानाच्या वर जर्मनचा वर्ग चालतो. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सिंगच्या मुली तिथे शिकतात. मी जाऊन नाव घातलं. मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, या वयात कायले त्रास करून घेऊन राहिले?" मी म्हटलं, वेळ जात नाही. तेवढंच सांगितलं. साकोलीला बस बदलून मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पुण्याहून शिकून आलेल्या. मी पहिल्या बाकावर बसायचो. मुली मला सर म्हणायच्या आणि मॅडमही सर म्हणायच्या, त्यामुळे वर्गात नेमकं कोण शिकवतंय याचा मला अधूनमधून विसर पडायचा.

तो विसर भूतकाळाच्या धड्याला फार पडला. जर्मन माणूस बोलताना झालेली गोष्ट एका शब्दात सांगत नाही. मध्ये एक सहायक क्रियापद ठेवतो आणि मूळ क्रियापदाचं रूप वाक्याच्या शेवटी नेतो. सहायक दोन. एक हाबेन, म्हणजे 'जवळ असणे', आणि दुसरं झाइन, म्हणजे नुसतं 'असणे'. बहुतेक क्रियापदांना हाबेन लागतं. त्यानं खाल्लं, तर हाबेनचं रूप 'हाट'. तो गेला, तर झाइनचं रूप 'इस्ट'. कुणाला काय लागतं हे मॅडम उदाहरणांनी दाखवत होत्या. मुली भराभर लिहून घेत होत्या आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की हे पाठ करायची गरजच नाही, आपल्या मराठीत याचं उत्तर आहे. 'त्याने खाल्लं', इथे कर्त्याला 'ने' लागला, म्हणून हाबेन. 'तो गेला', 'ती पडली', 'झाड वाढलं', 'म्हातारा मेला', इथे 'ने' नाही, म्हणून झाइन. कर्तरी प्रयोग असेल तर झाइन, नसेल तर हाबेन. मुली खूश झाल्या. एकीनं तर टाळी वाजवली. मॅडम काहीतरी बोलू पाहत होत्या, पण माझ्या बसची वेळ झाली होती आणि मी विजयी मुद्रेनं जिना उतरलो.

पुढच्या चाचणीत ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला द्यायचा रुग्णाचा अहवाल लिहायचा होता. 'आजी रात्री नीट झोपल्या, सकाळी उठल्या, चहा घेतला, मुलाची आठवण येऊन रडल्या.' सगळ्या मुलींनी माझा नियम लावला. 'उठल्या' आणि 'चहा घेतला' बरोबर आलं. 'झोपल्या' आणि 'रडल्या' सगळ्यांचं चुकलं. 'ने' नव्हता म्हणून सगळ्यांनी झाइन घातलं होतं, आणि तिथे हाबेन हवं होतं.

मॅडम कुणावर रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ती हसली, ती बोलली, ती जर्मन शिकली.' एकातही 'ने' नाही आणि सगळ्यांना हाबेन. मग त्या म्हणाल्या, "सर, कर्त्याला काय लागलं ते नका बघू. तो इथून तिथे गेला का, नाहीतर होता त्यापेक्षा वेगळा झाला का, एवढंच बघा." झोपेत माणूस पडून असतो, कुठे जात नाही, म्हणून हाबेन. पण डोळा लागला, जाग आली, इथे अवस्था बदलते, म्हणून झाइन. गाडीनं स्वतः गेलो तर झाइन. गाडी चालवत नेऊन अंगणात लावली तर समोर कर्म आलं, म्हणून हाबेन. मी विचारलं, अपवाद? त्या म्हणाल्या, आहेत. खुद्द झाइनला झाइन लागतं. आणि ब्लाइबेनला, म्हणजे राहणे, मागे थांबणे, यालाही झाइनच लागतं. मी म्हटलं, हा काय न्याय? जो जागचा हलला नाही, ज्याचं काही बदललं नाही, तो जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पंगतीत कसा? मॅडम म्हणाल्या, तेवढं पाठ करा सर.

मला राग आला होता, पण तो बसमध्येच उतरला. माझ्या सासुरवाडीचं गाव आठवलं. ते हललं नव्हतं, तरी भंडाऱ्याचं गोंदियाचं झालं होतं. त्याला नक्की झाइन लागलं असतं. बायको असती तर तिला सांगितलं असतं.

त्या रविवारी नात खुर्चीत आली तेव्हा मी माझं पहिलं वाक्य काढलं, 'मी नीट झोपलो.' इतका घोकलेला नियम, पण तोंडातून जुनंच आलं, 'इख् बिन गेश्लाफेन.' इख् म्हणजे मी, आणि 'मी'बरोबर झाइनचं होतं बिन, हाबेनचं हाबे. नातीनं डोळे मोठे केले. "हाबे, ओपा," ती म्हणाली. "इख् हाबे गेश्लाफेन." मी परत म्हटलं. तिनं मान डोलावली आणि बसून राहिली. पुढचं वाक्य कधी येतं याची वाट बघत होती. मी सुचेल ते बोलत गेलो, ती दुरुस्त करत गेली. आईनं नाश्त्याला बोलावलं तरी उठेना. फोन ठेवल्यावर मी घरातल्या घरात चालत राहिलो, इतका आनंद झाला होता.

मग मी जोरात अभ्यासाला लागलो. तळ्याच्या पाळीवर फिरताना क्रियापदं म्हणायचो. तिथे बसलेली माणसं म्हणायची, गुरुजी काय जप करून राहिले. काही आठवड्यांत मला सगळं यायला लागलं. एका रविवारी मी नातीला माझा अख्खा दिवस सांगितला. उठलो, चहा प्यालो, साकोलीला गेलो, शिकलो, परत आलो. एकही चूक नाही. ती म्हणाली, "गूट, ओपा," आणि उतरून खेळायला गेली. परत ती खुर्ची.

त्या दिवशी मला नीट कळलं की पोर माझ्याशी बोलायला बसत नव्हती, मला शिकवायला बसत होती. आणि शिकवण्यातलं सुख मला कुणी समजावायची गरज नव्हती. मी ठरवलं, आता चुकायचं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या तो शनिवारी बसून चुका तयार करू लागला. सोपं काम नव्हतं ते. फारच चुकलं तर ती कंटाळायची. एखादी सुरुवातीला, एखादी मध्ये, आणि एक मुद्दाम तीच ती. म्हणजे तिला कपाळावर हात मारता यायचा. एकदा मी 'बसलो'ला हाबेन लावलं, म्हणजे बरोबर बोललो, तर तिनं तेही दुरुस्त करून झाइन लावायला सांगितलं. मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. दक्षिणेकडे तसंच बोलतात म्हणे, परीक्षेत मात्र हाबेनच लिहा. म्हणजे नातीचं ते आमच्या 'मले'सारखं होतं. मी तिला दुरुस्त केलं नाही. बायकोनंतर पहिल्यांदाच कुणाला तसं सोडून दिलं असेल.

मागच्या रविवारी नातीनं विचारलं, तुझ्या घरात कोण कोण आहे. आमचा खेळ सुरू झाला असं समजून मी चूक शोधत होतो. पण वाक्यं आपोआपच यायला लागली. म्हटलं, तुझी आई इथून गेली. झाइन, बरोबर आलं. ओमा, म्हणजे तुझी आजी, वारली. झाइन, तेही बरोबर. नात ऐकत होती. मग म्हटलं, आणि मी राहिलो. "इख् हाबे गेब्लीबेन."

ही चूक मी शनिवारी तयार केलेली नव्हती. मॅडमशी भांडून पाठ केलेला अपवाद ऐन वेळी हातातून निसटला होता.

"बिन, ओपा," नात म्हणाली. "इख् बिन गेब्लीबेन."

मी म्हटलं. आवाज नीट आला नसावा, कारण तिनं बोट वर करून परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं, मी राहिलो. मग आणखी एकदा. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. तिनं पुढ्यातला खडू घेतला, कागदावर मोठी बरोबरची खूण केली आणि ती कॅमेऱ्यासमोर धरली. कागदानं सगळा पडदा भरून गेला. त्याच्या मागे ओट्यापाशी तिची आई होती. सोडलेल्या नळाचा आवाज तेवढा येत होता, आणि तो बराच वेळ कुणी बंद केला नाही.