तुरीच्या कोठीतले बूट

माझ्या लग्नातले बूट माझ्या साळीने, बायकोच्या धाकट्या बहिणीने, भिजवून फाडले, ही गोष्ट आमच्या दोन्ही घरांत इतक्यांदा हसत-हसत सांगून झाली आहे की आता ती खरीच झाली आहे. ती खरी नाही. बूट तिच्या हातात जाण्याआधीच फुटले होते आणि ते मला माहीत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बूट आर्णीतल्या माझ्या दोस्ताच्या दुकानातले. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. लग्नाचे बूट म्हटल्यावर तो माळ्यावर चढला आणि एक खोकं घेऊन खाली आला. खोक्याचा पुठ्ठा कोपऱ्यात फुगला होता, पूर्वी कधीतरी ओल लागल्यासारखा. आतले बूट मात्र आरशासारखे. वरचं कातडं काळं, चकचकीत. खाली जाड सोल, पण हातात घेतला तर कापसासारखा हलका.

"फोमचा सोल हाय बे. दुसऱ्याले दुप्पट लावलं असतं. तू घरचा हायेस म्हणून."

देण्याआधी त्याने अंगठ्याने सोल एकदा दाबून पाहिला आणि पटकन बूट माझ्यापुढे ठेवले. मला वाटलं, मऊपणा दाखवतोय. मी दुकानातल्या सतरंजीवर चार पावलं चाललो. छान वाटलं. अर्ध्या भावात मिळाले म्हणून घरी आल्यावर फुशारकीही मारली.

ह्या सोलांचं पुढे मला कळलं ते असं, की ते चालून झिजण्याआधी पडून राहून सडतात. बंद खोक्यात पावसाळ्यामागून पावसाळे गेले की हवेतली ओल आत मुरते आणि सोल आतून विरत जातो. वरून काही दिसत नाही. माणूस अंगाचा भार टाकून चालायला लागला, सोल वाकायला लागला, की मग तो एकदम हार मानतो.

माझ्या बुटांनी हार मानली ती नवरीच्या गावी, मुकुटबनच्या रस्त्यावर, भर उन्हात. वरात जानोशावरून, आमचं वऱ्हाड उतरलं होतं तिथून, निघाली होती. पोरांनी मला घोड्यावरून खाली ओढलं आणि नाचायला लावलं. नाचताना उजवी टाच नांगरलेल्या मातीत जावी तशी खचली. मागे वळून पाहिलं तर डांबरावर काळा भुगा पडला होता, चहापत्तीसारखा. माझा दोस्त समोरच नाचत होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग बँडवाल्याकडे वळून म्हणाला, "जोरात वाजव ना बे." मला वाटलं, त्याला दिसलं नाही.

मांडवात बूट काढायची वेळ आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नवरदेवाचे बूट मुलीकडच्या पोरी लपवतात, आणि नवरदेवाकडची माणसं ते राखतात. राखायचं काम दोस्ताकडे होतं. मी त्याच्या कानाशी लागलो. "राहू दे. नेऊ दे त्यायले."

"काहून?"

"नेऊ दे म्हणलं ना."

"तुही मर्जी."

टाचेचा अर्धा भाग सुटला होता. तो अंगठ्याने जागेवर दाबून मी बूट काढले आणि पायानेच पोरींच्या बाजूला सरकवले. माझी साळी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेली होती. तिने ते ओढणीत गुंडाळले आणि पळाली. चोरी तिने केली असं सगळ्यांना वाटतं. मी ती तिच्या हातात दिली होती.

लग्न लागलं. पोरींनी बूट परत द्यायचा नेग मागितला, घासाघीस झाली, हशा पिकला, आणि तिने बूट आणून माझ्यापुढे ठेवले.

"घ्या भाऊजी, सांभाळा आता. पुन्हा नाही देणार."

मी पाय घातले आणि उठून उभा राहिलो. उजव्या बुटाचा चवडा तोंड उघडावं तसा उघडला, टाच सतरंजीवरच राहिली. पहिल्यांदा सगळे हसले. मग माझी आत्या म्हणाली, "नवरदेवाच्या पायातलं मोडलं. हे काही बरं नाही." आणि हसणं थांबलं.

दोस्ताने टाच उचलली. उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता हा सांगेल. तो माझ्या साळीला म्हणाला, "पाण्यात ठेवले होते काय वो बाई? कूलरच्या टाकीत?"

"नाही जी. तुरीच्या कोठीत ठेवले होते. कोरड्यात."

"कोरड्यात सोल गळून पडते काय?"

मी पाय बाहेर काढला. मोज्याला तुरीचे दाणे चिकटले होते. बुटाचं अस्तर हाताला कोरडं ठणठणीत लागलं. मी पायाची बोटं आवळली आणि दाणे तळव्याखाली घेतले.

कोणीतरी झटपट चिकटणारा गोंद आणला. दोस्तानेच लावला. गोंद चिकटला, लगेच कडकही झाला; पण टाच जराशी हलवली की गोंदासकट सोलाचा एक पापुद्रा सुटून यायचा. गोंदाला धरायला घट्ट असं काही उरलंच नव्हतं. दुकानदाराला हे कळलं नसेल असं नाही. तरी तो लावत राहिला, आणि लोक साळीकडे बघत राहिले.

माझे सासरे आवाज चढवणारे नव्हते. ते तिला एवढंच म्हणाले, "हात जोड भाऊजींले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, अशी तिची खात्री होती. मी फोटोवाल्याकडे पाहिलं. तिने हात जोडले.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "लहान हाय."

मी तिला माफ केलं. सासऱ्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्याच घालून मी नवरी घेऊन आलो.

पाठवणीनंतर थोड्याच दिवसांत ते बूट पिशवीत घालून मी दुकानात गेलो. तिथे त्याच मालातला दुसरा जोड फळीवर मांडलेला होता. मी सोलावर अंगठा दाबला. चहात बुडवलेल्या टोस्टसारखा तो आत गेला.

"तुले माहीत होतं," मी म्हणालो.

त्याने जोड माझ्या हातातून घेऊन खोक्यात टाकला. "माल पडून होता. लग्नाचा एक दिवस निघून जाईल असं वाटलं."

"माह्या लग्नात?"

"एवढा राग हाय तर मांडवातच काहून नाही बोलला?" तो म्हणाला. "वरातीत भुगा मी बी पाहिला, तू बी पाहिला. बूट पोरीयकडं कोणं सरकवले? मी गप राह्यलो तर तू बी गप राह्यला."

त्यानंतर मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. दोस्ताने फसवलं हे दुःख मी बरीच वर्षं जपलं. ते जपणं सोपं होतं. त्याच्या आड दुसरं काही बघावं लागत नव्हतं.

साळीचं लग्न वणीला झालं. तिच्या लग्नात नवऱ्याचे बूट मांडवाच्या तोंडाशी उघडे पडले होते. एकाही पोरीने हात लावला नाही. मी त्यांच्या समोरच बसलो होतो.

या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. बायकोने नेहमीसारखी गोष्ट काढली, आमच्या मुलीला सांगितली. "तुह्या मावशीनं तुह्या बाबाचे बूट टाकीत बुडवले होते." मुलगी हसली. मीही हसलो. साळी ताटात पोळी वाढत म्हणाली, "म्हणून तर मी आता कोणाच्या वस्तूले हात लावत नाही." तीही हसलीच. टाकीत नव्हे, कोठीत, असं म्हणणं तिने केव्हाच सोडून दिलं आहे.

सासरे गेले. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलं. पण बाकीची बरीच माणसं आहेत, आणि ती आहे. बूट तू भिजवले नाहीस, ते आधीच फुटले होते, मला माहीत होतं, आणि कोठीतले दाणे माझ्या पायाखाली होते: एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते एकांतात नाही, चारचौघांत.