टकटकचा एक जादा हुकूम

टकटक हे तिचं नाव नव्हे. ती कळफलकावर बसली की जिन्यापर्यंत आवाज जायचा, म्हणून आम्हीच ते ठेवलं होतं. शाळेची इंग्रजी विज्ञानाची पुस्तकं छापणाऱ्या आमच्या कार्यालयात मजकूर तपासण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग नसांच्या आजारानं तिचे दोन्ही हात गेले. आता ते मांडीवर पडलेले असायचे. नाकावर माशी बसली तर ती मला हाक मारायची.

नोकरी मात्र तिनं सोडली नाही. काही महिने घरी बसून ती आवाजावर चालणारा संगणक शिकली आणि परत आली. माझं टेबल तिच्या शेजारी, म्हणून सगळं मला रोज दिसायचं. 'शो नंबर्स' म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणापाशी एक छोटा आकडा उगवायचा. मग 'क्लिक ट्वेंटी थ्री' म्हटलं की ते बटण दाबलं जायचं. आकृत्यांमध्ये बटणंच नसतात, तिथं ती 'शो ग्रिड' म्हणून पडद्यावर चौकटी पाडायची आणि हव्या त्या जागेवर आकड्यानं पोचायची. 'स्क्रोल डाउन' म्हटलं की पान सरकायचं. बाकी जे बोलेल ते टाइप व्हायचं, स्वल्पविरामसुद्धा तोंडानं सांगून. यंत्राचं ऐकणं थांबवायचं असेल तर 'गो टू स्लीप', पुन्हा सुरू करायचं तर 'वेक अप'. पहिल्या आठवड्यात आम्ही तोंड दाबून हसलो. पुढं तिनं माझ्या आधी प्रकरण संपवायला सुरुवात केली आणि माझं हसू मावळलं.

आमच्या विभागाचे साहेब स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायचे. त्यांना आम्ही पाठीमागं गुदगुल्या म्हणायचो. या गुदगुल्यांना एक गोष्ट कळली: टकटकचं यंत्र माणूस ओळखत नाही. जो बोलेल त्याचं ऐकतं. झालं! माकडाच्या हाती कोलीत. येता-जाता ते तिच्या टेबलावरच्या माईकपाशी वाकायचे आणि थांबून थांबून म्हणायचे, "सिलेक्ट ऑल. डिलीट दॅट." पान कोरं व्हायचं. मग हात हलवून शेवटचं ठरलेलं वाक्य: "गुड बाय एव्हरीबडी." ते मात्र नुसतंच पानावर टाइप व्हायचं. आणि साहेब पोट धरून हसत पुढं जायचे.

टकटक शांतपणे 'अनडू दॅट' म्हणत राहायची. मजकूर परत यायचा. माझं मात्र डोकं फिरायचं.

"तू काही बोलत का नाहीस गं?"

"बोलले तर ते पण टाइप होईल," ती म्हणायची.

एका दुपारी तिची वहिनी नेहमीप्रमाणे आली आणि तिला बाथरूमला घेऊन गेली. जाताना टकटक 'गो टू स्लीप' म्हणायला विसरली. मी चहाच्या यंत्रापाशी होते. मला तिथं ते गुड बाय ऐकू आलं आणि ते हसणंही. ती परत आली तेव्हा नवव्या प्रकरणाचं पान कोरं होतं. ते गुड बायही पुसून, कोरंच जतन करून कोणीतरी ते बंदही केलं होतं. फाइल उघडी असेपर्यंतच अनडू चालतं, बंद झाल्यावर कसलं अनडू! जुनी प्रत सापडली, पण तिच्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या होत्या.

साहेबांनी वर कळवलं की बाईंच्या यंत्राचा भरवसा नाही, त्या स्वतःच बोलता बोलता काम पुसून टाकतात. त्यांना या जागेवरून हलवावं. मी संचालक बाईंकडे गेले, ऐकलेलं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत?" पाहिलं नव्हतं. ऐकलेल्याला कोण विचारतो! बाई म्हणाल्या, येत्या सोमवारी मी स्वतः येऊन बघते, मग ठरवते. म्हणजे टकटकची नोकरी त्या सोमवारावर टांगलेली.

त्या संध्याकाळी मला वाटलं ती रडेल. ती रागानं लाल झाली होती, पण डोळे कोरडे.

"अशी जिरवते की बस," ती म्हणाली.

मग तिनं यंत्राची सेटिंग उघडली. त्यात स्वतःचे हुकूम बनवता येतात: अमुक शब्द कानावर आले की तमुक मजकूर पानावर टाक. आकडे म्हणत म्हणत ती त्या खिडकीत पोचली, एक हुकूम तयार केला आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच दात दाखवून हसली. पुढचे दिवस ती यंत्राला झोपवल्याशिवाय कुठं हलली नाही. साहेब टेबलाकडे येताना दिसले तरी आधी झोपवायची. ते माईकपाशी बोलायचे, काही घडेना, की 'झोपवलंय वाटतं' म्हणून हसत पुढं जायचे. तिला त्यांची जीभ सोमवारपर्यंत राखून ठेवायची होती.

सोमवारी संचालक बाई तिच्या मागं खुर्ची टाकून बसल्या. साहेब शेजारी उभे. टकटकनं एक आख्खं पान तपासून दाखवलं. मग यंत्र झोपवलं आणि वळून म्हणाली, "आणि हे अगदी सुरक्षित आहे, बाई. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा आवाज याला चालत नाही."

धादांत खोटं! मी पेन चावत बसले.

साहेबांना राहवलं नाही. "बाई, हे चूक आहे. दाखवू?" टकटकनं 'वेक अप' म्हटलं, तसे ते वाकले. "सिलेक्ट ऑल." पान निळं झालं. "डिलीट दॅट." पान गेलं. बाईंच्या कपाळावर आठी पडली. साहेबांचा चेहरा खुलला आणि सवयीनं हात हलवून ते म्हणाले, "गुड बाय एव्हरीबडी."

या वेळी ते शब्द टाइप झाले नाहीत. कोऱ्या पानावर दुसराच मजकूर उमटला. इंग्रजीत होता, अर्थ असा: हे पान विभागप्रमुखांनी पुसलं आहे. नववं प्रकरणही याच आवाजात पुसलं गेलं.

बाईंनी पुढं वाकून ते वाचलं. मग टकटक म्हणाली, "अनडू दॅट." मजकूर गेला. "अनडू दॅट." तपासलेलं पान परत आलं, तसं तिनं यंत्र झोपवलं.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "तुम्ही शेवटी काय म्हणणार, हे या यंत्राला आधीपासून कसं ठाऊक?"

"रोज म्हणतात म्हणून," टकटक म्हणाली. "मी नसतानासुद्धा."

साहेब म्हणाले, गंमत होती. पण या वेळी हसले नाहीत. बाईंनी तिथंच दोन गोष्टी ठरवल्या. टकटक या जागेवरच राहील. आणि नवव्या प्रकरणाच्या दुरुस्त्या साहेब स्वतःच्या हातांनी पुन्हा टाइप करतील, ती सांगेल तशा, तिच्याच टेबलाशी बसून.

दुसऱ्या दिवशी ते बसले. तिनं यंत्र झोपवलं आणि त्यांना सांगू लागली. "स्वल्पविराम. वर जा. अजून वर. परत वाचा." त्यांची दोन बोटं चाचपडत चालली होती. संध्याकाळ झाली, प्रकरण संपलं. घामानं त्यांची कॉलर ओली झालेली. मला त्यांची जराही दया आली नाही.

"झालं ना?" ते म्हणाले.

"एकच राहिलं," टकटक म्हणाली. "सिलेक्ट ऑल."

त्यांनी निवडलं. सगळं पान निळं झालं.

"डिलीट दॅट."

साहेबांची बोटं कळफलकावर थबकली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. आमच्या दालनात सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. त्यांनी कळ दाबली. पान कोरं झालं. टकटक मांडीवरच्या हातांकडे बघत बसली, आणि त्यांनी 'परत आणायचं का' असं विचारल्यावरच म्हणाली, 'अनडू दॅट.'