ओठांबरोबर आवाज

देऊळगाव राजाची योगिनी लग्नांचं आणि कीर्तनांचं शूटिंग करते. मागच्या कीर्तनात तिनं चित्र कॅमेऱ्यावर घेतलं आणि वायरलेस माइकचा रिसीव्हर मोबाइलला जोडून आवाज वेगळा घेतला. सुरुवातीला मुद्दाम वाजवलेल्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवले आणि निर्धास्त झाली. सासूबाई अंबूबाईंना कमी ऐकू येतं. त्या बोलणाऱ्याचे ओठ पाहून शब्द धरतात. घरी ते शूटिंग पाहताना कीर्तन संपत आलं तशा त्या चिडल्या. "महाराजाचं तोंड मिटते, मंग आवाज येते. काऊन वं? बंद कर थे!"

योगिनी चरफडली, पण चूक तिचीच होती. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. टाळीनं सुरुवात तेवढी जुळते, पुढे अंतर वाढतच जातं.

परवा सुलतानपूरच्या कीर्तनाला तिनं रिसीव्हरची वायर थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या सॉकेटात खोचली. चित्र आणि आवाज एकाच फायलीत, एकाच घड्याळावर आले.

घरी तिनं मुद्दाम शेवटचाच भाग लावला. महाराजांनी जावयावर विनोद केला. एरवी इतरांचं पाहून मागाहून हसणाऱ्या अंबूबाई आज सुनेच्याही आधी खदखदल्या.

"आता पह्यल्यापासून लाव," त्या म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.