शिजलेल्या डाळीचं वजन

सरांकडे नळाला लावायचा निळा पाइप होता, हातभर कापलेला. पळताना वेळ चुकली की तो पोरींच्या पोटरीवर बसायचा. जेवताना तो टेबलावर असायचा, मिठाच्या बरणीशेजारी. मी चपात्या वाढताना त्याला पदर लागू नये म्हणून लांबून हात घालायचे.

बोरिवलीला नॅशनल पार्कजवळ सरांनी फ्लॅट घेतला होता. त्यांच्याकडे धावणं शिकणाऱ्या चार मुली तिथे राहायच्या, सर जेवायला यायचे. पाच पानं, आणि रांधणारी मी. कणकवलीकडची, दहिसरला खोली घेऊन एकटी राहणारी. शाळा सातवीतच सुटली. पाढा चुकला म्हणून गुरुजींनी माझ्या बोटांवर पट्टी मोडली होती, त्यानंतर मी परत गेलेच नाही. आकडा दिसला की अजूनही माझी बोटं आपोआप मुठीत जातात. त्यामुळे हे काम मिळालं तेव्हा देवाचे आभार मानले. इथे फक्त हात चालवायचे, हिशोब नाही, असं मला वाटलं होतं.

त्या चौघींतली एक दूध, दही, तूप, अंडं काही घ्यायची नाही. तिचा बाप गोरेगावच्या तबेल्यात दूध काढायचा. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीसमोर उभं करतात, म्हणजे ती पान्हा सोडते, हे तिने लहानपणी रोज पाहिलेलं. "मावशी, ती म्हैस त्या पेंढ्याला चाटायची ओ," एवढंच ती मला एकदा म्हणाली.

सरांना ही थेरं वाटायची. तिच्या गालावर चार बोटं उठवून झाल्यावर त्यांनी अट घातली. रात्रीच्या पानात पंचवीस ग्रॅम प्रोटीन दिसलं पाहिजे. दिसलं तर तुझं खरं. नाहीतर दूध प्यायचं, नाहीतर बॅग भरायची.

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, मोजायचं तुम्ही. चुकलात तर तुमचीही बॅग."

मी घाबरून वजनकाटा मांडला. शिजलेल्या डाळीची वाटी ठेवली, वाटीचं वजन वजा केलं. दीडशे ग्रॅम. तुरीच्या डाळीच्या पाकिटावर छापलेलं, शंभर ग्रॅमला बावीस. म्हणजे दीडशेला तेहतीस! मी तीनदा बोटांवर मोजलं, तीनदा तेच आलं. सर हसले, म्हणाले, "झकास." मला तर आपण पास झालो असंच वाटलं.

तोवर ती पोरगी रोज रात्री मूठभर सोयाचे गोळे भिजवून खायची. तिला ते आवडायचे नाहीत. माझे तेहतीस ऐकून तिने ते बंद केले. "डाळीतच एवढं आहे ना मावशी? मग सुटले मी."

महिना-दीड महिना गेला. तिच्या पोटऱ्या सकाळी उठताना दुखायला लागल्या, कालचा थकवा उद्यापर्यंत राहायचा. दर फेरीला सेकंद वाढत गेले आणि दर सेकंदाचा पाइप तिच्या पायावर उमटत गेला. मी हळद लावायचे. वळ काळे-निळे, एकावर एक. लावताना मनात म्हणायचे, बाई गं, मी तर बरोबर मोजलंय.

एका संध्याकाळी ती ओट्याशी पाणी प्यायला आली. मी कुकरमध्ये डाळ धूत होते.

"किती टाकलीत?"

"दोनशे. रोजचीच."

"पाच जणांना?"

"हो."

ती ग्लास तोंडाला लावून तशीच थांबली. "मावशी, दोनशे सुक्या डाळीत सगळं मिळून चव्वेचाळीस. पाच जणांत वाटलं तर नऊसुद्धा येत नाही. मग माझ्या एका वाटीत तेहतीस कुठून येणार?"

माझे हात पाण्यातच राहिले. पाकिटावरचा आकडा सुक्या डाळीचा होता. मी जोखत होते ती पाणी पिऊन फुगलेली डाळ. पोरीला मी दीड महिना पाणी खाऊ घालून मार खायला लावला होता.

"सरांना सांगू नकोस गं," मी म्हटलं. लाज वाटते लिहायला, पण आधी मला माझीच बॅग दिसली.

"सांगणार नाही," ती म्हणाली. "आपण आधी नीट मोजू. चला, सगळं सुकं घ्या."

तिने माझ्या हाताने सगळं जोखून घेतलं. तिच्या एकटीची डाळ साठ ग्रॅम, वेगळ्या छोट्या डब्यात. तांदूळ साठ. कणीक नव्वद, म्हणजे तीन चपात्या. पाकिटं समोर ठेवली. डाळीचे तेरा. कणकेच्या पाकिटावर शंभरला बारा, म्हणजे नव्वदचे साधारण अकरा. तांदळाला सात, साठचे चार. तेरा, अकरा, चार.

"अठ्ठावीस," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बेरीज करताना माझी मूठ वळली नाही.

"आणि डाळीच्या प्रोटीनमध्ये जे घटक कमी असतात ते गहू-तांदळात असतात, त्यांच्यात कमी ते डाळीत," ती म्हणाली. "म्हणून तिन्ही धरायचे."

साडेसातला सर आले. आकडे मी कागदावर लिहून टेबलावर ठेवले होते, तो कागद त्यांनी पाहिला. "काल तेहतीस, आज डाळीचे तेरा? मला मूर्ख बनवताय दोघी?"

मी चूक सांगितली. शिजलेली, सुकी, सगळं.

"म्हणजे दीड महिना ही उपाशी पळत होती! आणि आता भात-चपातीचं प्रोटीन मोजायला लागलात? ते काय मोजायचं असतं? पोट भरायची वस्तू ती!"

"सर, पाकिटावर लिहिलंय," ती म्हणाली.

ताट भिंतीवर गेलं. डाळ ओघळत खाली आली. बाकीच्या तिघी खुर्च्या सरकवून आतल्या खोलीत पळाल्या. सरांनी पाइप उचलला. मी मध्ये हात घातला, का ते मला अजून कळलेलं नाही. पाइप बोटांवर बसला, गुरुजींची पट्टी बसली होती तिथेच, आणि मधल्या बोटातून कट्कन आवाज आला.

सर थांबले नाहीत. फ्रिजमधलं दूध ग्लासात ओतलं, तिचे केस धरून मान मागे ओढली आणि ग्लास तिच्या दातांवर दाबला. ग्लासाचा काठ तडकून ओठात घुसला. दूध आणि रक्त तिच्या हनुवटीवरून खाली येत होतं, डोळे माझ्याकडे. ती दात उघडत नव्हती.

लाटणं ओट्यावर होतं. चांगल्या हाताने ते मी सरांच्या मनगटावर घातलं. पूर्ण ताकदीने, दोनदा. दुसऱ्यांदा हाडाचा आवाज आला. ग्लास खाली पडून फुटला. सर मनगट पोटाशी धरून खाली बसले आणि आईला हाक मारली. मला बरं वाटलं. हेही लाज वाटूनच लिहिते, पण वाटलं खरं.

आम्ही दोघी चपला हातात घेऊन जिना उतरलो.

डॉक्टरकडे तिच्या ओठाला टाके पडले, माझ्या बोटाला प्लास्टर. तिथूनच पोलीस चौकीत गेलो. तिने पाय उघडे करून दाखवले, मग लिहून घेणाऱ्याने पुढे काही विचारलं नाही. माझ्या लाटण्याचंही त्यांनी लिहिलं. कोर्टात तारीख लागली की दोन्ही केससाठी आम्ही दोघी जातो.

आता ती दहिसरला माझ्याच खोलीत राहते. मी दुसरीकडे दोन घरी रांधते, दाराची बेल वाजली की अजून आधी लाटण्याकडे हात जातो. ती पहाटे पळते, घड्याळ स्वतः लावते. सेकंद खाली यायला लागलेत, घाई नाही. त्या पोरीचे उपकार माझ्यावर आहेत, तिला सांगितलं तर हसते.

माझं मधलं बोट वाकत नाही, कणीक मळताना ते वेगळंच उभं राहतं. संध्याकाळी ती दारातून येते, घामाने भिजलेली, आणि आधी वजनकाट्याकडे बघते.

"मावशी, सुकी मोजलीत ना?"

"साठ, साठ, नव्वद," मी सांगते आणि मगच कुकर लावते.