मांडणीबाईंच्या घरची पिशवी

सुपरमार्केटमध्ये सगळे त्यांना मांडणीबाई म्हणत. फळीवर काय कुठे ठेवायचं, फळांवर कुठल्या दिव्याचा उजेड पाडायचा, गाणी किती संथ वाजवायची, हे बावीस वर्षं त्याच ठरवत आल्या होत्या. दारातून आत आल्यावर पहिली चार पावलं माणूस काही बघतच नाही, म्हणून तिथे त्या काही मांडत नसत. दूध आणि अंडी अगदी मागच्या भिंतीशी. तिथवर जाता-जाता बाकीचं दुकान आपसूक नजरेखालून जातं. डब्यांची चळत रचून झाली की त्यातले दोन डबे त्या काढून घेत. "फार नीटस चळत मोडायला माणसाचा हात धजत नाही," असं त्या नव्या मुलींना सांगत.

त्यांचा नवरा कारखान्यात फिटर होता. वाकडा खिळा ठोकून सरळ करून पुन्हा वापरणारा माणूस. तो निवृत्त झाला आणि घरच्या खरेदीचं काम त्याच्याकडे आलं.

एके दिवशी बाई कामावरून आल्या, तर टेबलावर भरगच्च पिशवी. चिठ्ठीवर दूध आणि अंडी एवढंच होतं. पिशवीतून मात्र मोज्यांचे तीन जोड, महागडा जॅम, वासाची मेणबत्ती, गरम पाव आणि बॅटरीचे सेल निघाले. बाई खुर्चीत बसल्या. नवरा दुकानात कुठून कुठे गेला, ते त्यांना समोर लख्ख दिसत होतं.

"अहो, आत गेल्यावर उजवीकडे वळलात ना?"

"तुला कसं कळलं?"

"मोजे तिथेच आहेत. मग पावाचा वास आला. जॅम डोळ्यांसमोरच्या फळीवरून उचललात, स्वस्तातला खाली पायाशी होता. आणि सेल काउंटरच्या रांगेत उभं राहून घेतलेत."

"अगं, सेल लागतातच की घरात."

"कशाला? घड्याळ तर चावीचं आहे!"

रागवावं की हसावं, त्यांना कळेना. इतकी वर्षं लोकांच्या पिशव्या भरताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आपल्याच माणसाची पिशवी मात्र त्यांना टोचली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या नवऱ्याला आत घेऊन गेल्या. ट्रॉली एवढी मोठी का, ती अर्धी रिकामी दिसली की माणसाला कसं चुकल्यासारखं वाटतं, पावाची भट्टी दाराच्या वाऱ्यावर का, सगळं दाखवलं. एखादं यंत्र उघडून बघावं तसा तो रंगून गेला. "वा! काय डोकं आहे!" असं चार वेळा म्हणाला.

आणि दोन दिवसांनी पिशवीतून छत्री, बिस्किटं आणि आणखी एक मेणबत्ती घेऊन आला.

"सगळं समजावून सांगितलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी!" बाई वैतागल्या.

मेणबत्तीवरचा कागद खरवडत तो म्हणाला, "समजलं ना. म्हणूनच तर. पूर्वी तू काय करतेस ते मी कधी पाहिलंच नाही. आता ढीग दिसला की वाटतं, हा हिने रचलाय. सोडून पुढे जाववत नाही. दिवसभर घरात एकटाच असतो गं."

बाईंनी उगाचच छत्री उघडून बघितली आणि मिटली.

"मग बघायला या," शेवटी त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी सकाळी मी मांडणी बदलते. ट्रॉली मात्र घ्यायची नाही. हातात पिशवीसुद्धा नको."

तो येऊ लागला. हात पाठीमागे बांधून कोपऱ्यात उभा राही आणि दुकान उघडल्यावरही तासभर लोकांकडे बघत बसे. फिटरची नजर ती. तिसऱ्या मंगळवारी त्याने बाईंना हळूच बोलावलं.

"तो कंगव्यांचा स्टँड. वाकून कंगवा बघायला लागलं की मागून कुणाची तरी ट्रॉली लागते. दोन बायकांनी हातातला कंगवा परत ठेवला."

बाईंनी स्टँड हलवून रुंद वाटेच्या कडेला नेला. महिना संपल्यावर मॅनेजर आकडे घेऊन आला. "मांडणीबाई, कंगवे एवढे कसे खपले? माल तर तोच!"

"धक्का लागायचा थांबला," बाई म्हणाल्या. "आमच्या घरच्यांच्या लक्षात आलं."

घरची पिशवी आता बरीचशी चिठ्ठीबरहुकूम येते. कधीतरी एखादी फालतू वस्तू सापडतेच. बाई विचारत नाहीत. कंगव्यांचे आकडे आले त्या रात्री जेवताना त्यांनी मॅनेजरचं बोलणं सांगितलं, तेव्हा नवऱ्याने मान वर न करताच ताट पुढे सरकवलं आणि आणखी भात मागितला. कान मात्र लाल झाले होते.