पाचशे एकाची भवानी

डिचोलीत मी पोस्टाच्या बचतीची एजंट होते. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, पाच वर्षं भरायची, मुदत संपली की व्याजासकट उचलायची, एवढंच ते काम. त्या काळी महिना दहा रुपयांनीही खातं निघायचं. हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर बसून बोलले आहे की ऐकणाऱ्यांपेक्षा मलाच त्याचा कंटाळा यायचा. बायका मान डोलवायच्या, थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मलाच ऐकवायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, बघूया, पुढच्या महिन्यात.

प्रश्न सगळीकडे तेच असत. शिरगावच्या खाणीवरच्या कामगाराची बायको विचारी, आम्हाला कायमचा पगार नाही, पावसात खाण बंद, मग चालेल का? चालेल, मी सांगायची, पोस्ट पगार विचारत नाही. एखादा महिना चुकला तर सगळं बुडतं का? नाही, थोडा दंड भरून पुढे चालू ठेवता येतं. नवऱ्याची सही लागते? नाही, खातं तुमच्या नावावर. तुझं कमिशन आमच्या पैशांतून कापतात ना? नाही, ते सरकार देतं. कोकणी-मराठीच्या भाषा आंदोलनात बस बंद पडल्या तेव्हाही प्रश्न थांबले नाहीत. पुढे गोवा वेगळं राज्य झालं, तर एक म्हातारी हळूच म्हणाली, जुन्या सरकारात भरलेले पैसे हे सरकार देईल ना? पोस्ट दिल्लीचं आहे, राज्य झालं म्हणून ते हलत नाही, असं सांगून मी तिची समजूत घातली.

बाहेरच्यांच्या प्रश्नांना मी पुरून उरले. हरले ती माझ्याच माहेरी, हळर्णला.

तिथे माझी वहिनी होती. आई गेली तेव्हा मी लहान होते, मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनेच. तिची एकच मुलगी, माझी भाची, तेव्हा सातवीत होती. पोरीला शिक्षिका व्हायचं होतं. गावातल्या लहान मुलांना ओळीने बसवून ती शिकवायची आणि चुकलं तर खरोखरच रागवायची. वहिनी ते दारातून बघत उभी राहायची. बारावीनंतर पोरीला पणजीकडे शिक्षिकेच्या कोर्सला घालायचं, हे तिने मनात ठरवून टाकलं होतं. दादाला तिने ते कधी विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, मग आजच पोरीसाठी दहा रुपयांनी सुरू कर. बारावी होईस्तोवर हाताशी काहीतरी येईल.

ती माझ्याकडे बघून हसली. शेंगदाणे विकायला बसलेल्या पोराकडे बघून हसावं तशी.

"दहा रुपयांची भवानी केल्यार जल्मभर दहाच हातात येतत, बाय. पोरीच्या विद्येचो पयलो पैसो असो काढूचो नाय."

आमच्याकडे शुभकार्याला रक्कम मोजताना वर एक रुपया ठेवतात, आणि रक्कम अंगाला शोभेल अशी हवी. दुकानदार सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही, कारण त्या पहिल्या विक्रीवर, भवानीवर, दिवस ठरतो. वहिनीने हे सगळं पोस्टाच्या पुस्तकाला लावलं होतं. पहिल्या ओळीवर जो आकडा पडेल तोच पोरीचं नशीब ठरवणार. म्हणून तिने ठरवलं होतं, पाचशे एक रुपये जमले की चतुर्थीनंतरच्या चांगल्या दिवशी खातं उघडायचं.

ती अडाणी होती असं कुणी समजू नये. काजूच्या बोंडांचे पैसे वर्षातून एकदाच येतात, भाताचे एकदाच. जिच्या घरी मोठा पैसा असा गठ्ठ्यानेच येतो, तिला महिन्याच्या दहा रुपयांवर विश्वास बसायचा कसा? उलट आमच्या डिचोलीतल्या पगारदार बायकाच पगार वाढला की करू म्हणून वर्षानुवर्षं टाळत होत्या.

आणि जीव जळतो तो ह्यामुळेच, की वहिनी पैसे बाजूला टाकत नव्हती असं नाही. दर महिन्याला ती नारळांच्या आणि भाजीच्या विक्रीतून दहा, कधी पंधरा रुपये काढून कपाटात कपड्यांखाली ठेवायची. म्हणजे मी सांगत होते तेच ती करत होती, फक्त घरात. आणि घरात ठेवलेला पैसा घराचाच होतो. एका वर्षी दादाला कावीळ झाली. एका वर्षी चतुर्थीला पाहुणे जास्त आले. एकदा पुरात कुंपण गेलं. दीड-दोनशेच्या घरात पोचलेली रक्कम दर वेळी खाली यायची आणि ती पुन्हा सुरुवात करायची. मी प्रत्येक खेपेला तेच बोलायची, चिडायचीही. ती मला उंडा पाव आणि चहा देऊन गप्प करायची.

पाच वर्षं अशी गेली. पोरगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली, तिची कोर्सला निवड झाली. पहिल्या सत्राची फी आणि वसतिगृहाची अनामत धरून साडेसहाशे रुपये आठ दिवसांत भरायचे होते. पुढचं सत्र काजूवर निभावलं असतं. पण ते आषाढाचे दिवस. काजूचे पैसे बियाणं आणि मजुरी यांत गेले होते आणि कपाटात जेमतेम दीडशे होते.

मी डिचोलीहून कमी पडणारे पाचशे रुपये घेऊन गेले. दादाने ते घेतले नाहीत. लग्न करून दिलेल्या बहिणीच्या पैशांवर पोर शिकवायची नाही, एवढंच म्हणाला आणि शेताकडे निघून गेला. दुसऱ्या कुणापुढे हात पसरणाऱ्यांतला तो नव्हता. वहिनी त्याच्यामागून बांधापर्यंत गेली आणि एकटीच परत आली. मुदत टळली. त्यानंतरच्या मार्गशीर्षात पोरीचं लग्न वास्कोच्या बंदरावर कामाला असलेल्या मुलाशी झालं. मुलगा चांगला होता. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच मला ते फार लागलं.

लग्नानंतर महिन्याभराने वहिनी पहिल्यांदाच एकटी बस पकडून माझ्याकडे आली. जेवली, भांडी मला घासू दिली नाहीत. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली आणि इतक्या वर्षांत जे तिने विचारलं नव्हतं ते विचारलं.

"सातवीत असताना तू सांगलंस तसे दहा-दहा भरले असते, तर तिच्या फीक पुरले असते काय गो?"

इतर कुणी विचारलं असतं तर मी हिशेब मांडून दाखवला असता. सहाशे तिचेच, वर व्याज. पुरून थोडे उरले असते. मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "कमीच पडले असते."

मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"तुका खोटा बोलूक मियां कधी शिकयलाच नाय," ती म्हणाली आणि रडू लागली.