सात पॉइंट दोनच्या आत

कल्याण स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट तयार करून डॉक्टरांच्या सहीला ठेवायचा. एवढ्या वर्षांत डोळ्यांना एक वळण लागलं. रिपोर्ट हातात आला की माझी नजर फक्त ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. जो आकडा मर्यादेबाहेर, तो ठळक. बाकीचे सगळे नॉर्मल, म्हणजे वाचायची गरज नाही.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत लोक डॉक्टरकडे जायच्या आधी रिपोर्ट माझ्याकडे घेऊन येत. मी दारातच कागद डोळ्यांखालून घालून सांगायची, काही नाही हो, सगळं आत आहे. माणूस हसत परत जायचा. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? सासरी सून म्हणून कधी कोणी विचारलं नाही, लॅबमध्ये डॉक्टरांच्या सहीखाली माझं नाव नसायचं. इथे मात्र माझा शब्द चालायचा.

घरात तर चालायचाच. माझे यजमान एमआयडीसीत फिटर होते. मशीनमधलं त्यांना सगळं कळे, शरीरातलं माझ्यावर सोपवून मोकळे. एका सकाळी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. वरून पंख्याचा वारा लागला तरी ओरडावं असं दुखणं. मला गाऊटची शंका आली. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे खडे सांध्यात साचतात, हे मला माहीत होतं. मी घरीच रक्त काढलं, लॅबमध्ये स्वतः मशीनला लावलं. सहा पॉइंट सहा. पुरुषांची मर्यादा आमच्या कागदावर साडेतीन ते सात पॉइंट दोन. म्हणजे नॉर्मल. मी संध्याकाळी येऊन जाहीर केलं की हे गाऊट नाही, कुठेतरी ठेच लागली असेल.

मग हाडाच्या डॉक्टरकडे इंजेक्शन, पेनकिलर, आठवडाभरात पाय बरा. चार-पाच महिन्यांनी पुन्हा तेच. दरवेळी दुखायला लागल्यावर मी रक्त काढायची, दरवेळी आकडा मर्यादेच्या आत. दुखणं नसताना काढून बघावं असं एकदाही सुचलं नाही. बऱ्या माणसाच्या हातात कोण सुई खुपसतं? अशी पाच-सहा वर्षं गेली. बीपीची गोळी सुरू होतीच, तिच्याबरोबर पेनकिलरची पाकिटं घरात पापडासारखी राहू लागली.

मग यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, त्याआधीच्या तपासण्यांत किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ आलं. हा आकडा ठळक होता, तो मला दिसला. ऑपरेशन बाजूला राहिलं आणि आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट नंतर पाहिले. आधी यजमानांना शर्टाची बाही वर करायला लावून कोपर चाचपलं. तिथे हरभऱ्याएवढी गाठ होती, जिला मी चरबीची म्हणत आले होते. त्या म्हणाल्या, ही युरिक ॲसिडची गाठ आहे, गाऊट जुना आहे.

मी माझी फाईल पुढे सरकवली. सगळे आकडे नॉर्मल आहेत, मी म्हटलं, मी स्वतः काढलेत. त्यांनी तारखा विचारल्या. मग शांतपणे सांगितलं की अटॅक चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड कधी कधी खाली येतं. तेव्हाच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो, अटॅक उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचा. बघितला. नऊ पॉइंट चार. एकतीस वर्षं रक्त हाताळलं आणि ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी ॲलोप्युरिनॉल सुरू केलं. शंभरच्या गोळीचा अर्धा तुकडा, पन्नास मिलिग्रॅम. किडनी कमजोर आहे म्हणून सुरुवात अगदी कमी, पण तिथे थांबायचं नाही, असं बजावलं. दर चार आठवड्यांनी रक्त बघायचं, पन्नास वाढवायचं, पुन्हा बघायचं. गाठ आहे म्हणून आकडा पाचच्या खाली हवा. लॅबच्या कागदावरचं सात पॉइंट दोन विसरा, ते निरोगी माणसांसाठी आहे. अंगावर कुठेही पुरळ उठलं तर त्याच दिवशी गोळी बंद करून फोन. सुरुवातीला अटॅक जास्त येतील, जुने खडे विरघळताना येतात, तेव्हा गोळी सोडायची नाही. त्यासाठी कोल्चिसीनची लहान गोळी दिली, तीही किडनीमुळे एक दिवसाआड. पेनकिलर मात्र आयुष्यात पुन्हा नाही.

दुसऱ्याच महिन्यात अटॅक आला. मी गोळी बंद करायला निघाले होते, पण फोन केला आणि ऐकलं. पाच दिवस स्टेरॉइड दिलं, ॲलोप्युरिनॉल चालूच राहिलं. शंभर, दीडशे, दोनशे. प्रत्येक पायरीला मी रक्त काढत होते. आठ पॉइंट तीन, सात पॉइंट सहा. दोनशेवर सहा पॉइंट नऊ.

तो कागद मशीनमधून बाहेर आला आणि मला एकही ठळक आकडा दिसला नाही.

पुढच्या भेटीत अडीचशे करायचं ठरलं होतं. आम्ही गेलो नाही. न जाण्याची कारणं मला शोधावी लागली नाहीत: घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो, यजमानांना बसवत नाही. गल्लीतल्या केमिस्टनेही सांगितलं की किडनीवाल्यांना ही गोळी शंभरच्या वर कोणी देत नाही, तुमची तर दुप्पट आहे. मीही पूर्वी हेच ऐकलं होतं. किडनी जपायची तर औषध कमी, हा हिशोब मला पटण्यासारखा होता. डॉक्टरांचं सावकाश वाढवणं म्हणजे भीती असं मी समजले. ते धीराचं काम होतं आणि त्याला शेवट होता, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. कोल्चिसीनही मी बंद केली, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दीड वर्ष दोनशेवर गेलं. अटॅक येत राहिले, कधी अंगठा, कधी घोटा. यजमान माझ्यापुढे कण्हेनासे झाले. एकदा चपलांच्या कपाटात त्यांच्या जुन्या बुटात पेनकिलरचं अर्धं रिकामं पाकीट सापडलं. मी संतापले. डॉक्टरांनी मना केलेलं विष तुम्ही चोरून खाता म्हणून बोलले, आणि वर परवाचा रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. सहा पॉइंट आठ. दुखायचं कारणच नाही.

ते पलंगावर बसले होते, पाय उशीवर. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"अगं, तुझा रिपोर्ट नॉर्मल आला," ते म्हणाले, "पण पाय माझा आहे ना."

त्याच दिवशी ठाण्याला डॉक्टरबाईंकडे जायला हवं होतं. मला त्या बोलण्याचा राग आला. एकतीस वर्षांच्या कामावर ते थुंकले असं वाटलं. मी दोन दिवस अबोला धरला. बुटातलं पाकीट फेकलं, पण दुसरं कुठे ठेवतात ते शोधलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढे त्यांचे दोन्ही पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. क्रिएटिनिन तीन पॉइंट आठ. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोडलेली घडी बसवायला घेतली. कोल्चिसीन आणखी जपून, ॲलोप्युरिनॉल अडीचशे. तिसऱ्या आठवड्यात यजमानांच्या छातीवर लाल पुरळ उठलं. यावेळी मी गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि फोन लावला. पुन्हा ती कधीच घ्यायची नाही असं ठरलं. हृदयाचा त्रास कधी झालाय का, हे डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, ईसीजी पाहिला आणि मग युरिक ॲसिड उतरवणारी दुसरी गोळी, फेबुक्सोस्टॅट दिली. चाळीसची, रोज एक.

दोन महिन्यांत आकडा चार पॉइंट सात. सहा महिन्यांत अटॅक थांबले. कोपराची गाठ मऊ पडून बारीक होत गेली. इतकं सोपं होतं. मी त्या आकड्याकडे बघून लहान मुलीसारखी रडले आणि मग विचारलं की किडनी आता सुधारेल ना. डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही. युरिक ॲसिडने किडनी गेली असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या, बीपी आहे, आणि सगळ्यात जास्त त्या पेनकिलर. दुखणं वेळेवर थांबलं असतं तर त्या एवढ्या घेतल्या गेल्या नसत्या. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपू.

उरलेलं जपूनही मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी यजमानांना हाताच्या शिरेचं छोटं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. पुढे डायलिसिस लागेल तेव्हा सुया घालायला ती शीर तयार असावी लागते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनसाठी त्या चिठ्ठी लिहीत होत्या, सगळा इतिहास पहिल्यापासून. लिहिता लिहिता थांबल्या.

"मधलं दीड वर्ष डोस दोनशेवरच का राहिला?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, रस्ताभर जुळवले होते. त्याआधीच यजमान बोलले.

"माझीच चूक, मॅडम. मला कंटाळा आलेला. ही सारखी म्हणायची चला, मीच नाही आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात, ज्याची शीर कापणार होते तो, मांडीवर ठेवून ते सरळ बसले होते. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि लिहिलं.

बोलायला माझ्याकडे पूर्ण वेळ होता. त्या लिहीत होत्या, शिक्का शोधत होत्या, चिठ्ठी पाकिटात घालत होत्या. मी गप्प राहिले.  घरी आल्यावर मी पाकीट उघडून वाचलं. रुग्णाने स्वतःहून तपासणीला येणं थांबवलं, पत्नीचा सल्ला मानला नाही, असं त्यात स्वच्छ अक्षरात आहे. ऑपरेशन परवा आहे, आणि ती चिठ्ठी मी तशीच फाईलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.